जयपूरचा कोरडा जुलै

मे २००२च्या अखेरीस भारतीय हवामान विभागाने त्या वर्षीच्या मान्सूनचा अंदाज जाहीर केला : दीर्घकालीन सरासरीच्या १०१ टक्के. आकडा कोणाला खटकण्याचं कारण नव्हतं. १९८८ ते २००१ असे सलग चौदा मान्सून सरासरीच्या आसपास किंवा त्याहून वर राहिले होते आणि चौदांपैकी एकाही वर्षी विभागाने दुष्काळ सांगितला नव्हता. अंदाज ज्या सूत्रावरून निघत होता ते सोळा घटकांचं सूत्र वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८मध्ये बसवलं होतं. हिमालयातला बर्फ, पॅसिफिकचं तापमान, कुठल्या प्रदेशावर हवेचा दाब किती, वरच्या थरातले वारे कसे, अशा सोळा गोष्टी मान्सूनच्या आधीच मोजायच्या आणि त्यावरून चार महिन्यांच्या पावसाची बेरीज सांगायची, अशी ती पद्धत होती.

सुरुवात अंदाजाला साजेशी झाली. २९ मे रोजी मान्सून केरळात उतरला. जूनमध्ये देशाचा पाऊस सरासरीपेक्षा किंचित जास्तच भरला. पूर्व राजस्थानात त्या काळच्या वेळापत्रकाप्रमाणे मान्सून जुलैच्या सुरुवातीला पोचायचा. जयपूर जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी बाजरी, मूग, मोठ आणि गवार घेऊन त्याच पावसाकडे डोळे लावून बसलेला असतो, कारण पेरणीची खिडकी लहान असते. बाजरी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात पडली तर बरी, तिसऱ्या आठवड्यानंतर पेरली की उतारा घसरतो. नंतर पाऊस कितीही झाला तरी ते दिवस परत मिळत नाहीत.

त्या वर्षी पावसाने दडी मारली ती नेमकी याच दिवसांत. जुलैमध्ये देशभर सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस झाला. १८७०च्या दशकापासूनच्या नोंदींत एवढा कोरडा जुलै सापडत नव्हता. मान्सून वायव्येच्या वाटेवर अडकून पडला आणि एरवी जुलैच्या मध्यावर सगळा देश व्यापणारा पाऊस पश्चिम राजस्थानच्या टोकाला पोचायला १५ ऑगस्ट उजाडला. आषाढी पौर्णिमेला जयपूरच्या जंतरमंतरवरच्या सम्राट यंत्रावर चढून, झेंड्याचं फडकणं पाहून, वाऱ्याच्या दिशेवरून पावसाचं भाकीत करण्याची जुनी परंपरा आहे. २००२मध्ये ती पौर्णिमा जुलैच्या चौथ्या आठवड्यात आली. तोवर ज्याला पेरायचं होतं त्याची वेळ टळून गेली होती.

पुढे काय झालं ते राजस्थानात अजून लोकांच्या तोंडी आहे. राज्यातले तेव्हाचे सगळे ३२ जिल्हे दुष्काळग्रस्त ठरले. अन्न, पाणी आणि चारा तिन्ही संपतात त्या दुष्काळाला तिथे 'त्रिकाल' म्हणतात, आणि हा त्रिकाल होता. पूर्व राजस्थानात हंगामाचा पाऊस निम्म्यालाही पोचला नाही, पश्चिमेकडे एक तृतीयांशाच्याही खाली राहिला.

हंगाम संपल्यावर देशाची तूट १९ टक्के निघाली. अंदाज १०१चा, प्रत्यक्षात ८१. वर्तमानपत्रांनी हवामान विभागाला धारेवर धरलं ते साहजिकच होतं. पण ही तूट महिन्यांमध्ये वाटून पाहिली की चित्र वेगळं दिसतं. देशाचा मान्सूनचा सरासरी पाऊस साधारण ८८० मिलिमीटर धरा. त्याचे १९ टक्के म्हणजे सुमारे १६५ मिलिमीटर. जुलैची सरासरी २९० मिलिमीटरच्या आसपास असते आणि तिच्यातला निम्मा पाऊस गेला, म्हणजे सुमारे १४५ मिलिमीटर. चार महिन्यांच्या दुष्काळाचा बहुतेक सगळा भार या एका महिन्याने उचलला आहे. ऑगस्ट सरासरीच्या जवळपास होता, सप्टेंबर थोडा मागे राहिला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले जी. एस. भट यांनी नंतर आपल्या लेखाच्या शीर्षकातच विचारलं की २००२चा दुष्काळ ही हंगामाच्या आतल्या चढउताराचीच घटना होती का. माझ्या मते २००२ समजून घ्यायला हा सगळ्यात योग्य प्रश्न आहे. हंगामाची बेरीज सांगणाऱ्या सूत्राला जुलै दिसतच नव्हता.

आता जुलैच्या आत शिरू. एम. राजीवन, सुलोचना गाडगीळ आणि ज्योती भाटे यांनी मान्सूनमधल्या जोरदार आणि कोरड्या टप्प्यांची यादी करण्यासाठी सोपी कसोटी ठरवली. मध्य भारताचा मोठा पट्टा घ्यायचा, साधारण १८ ते २८ अंश उत्तर. जयपूर २६.९ अंशांवर, म्हणजे या पट्ट्याच्या वरच्या काठाला पण आतच आहे. त्या पट्ट्याचा रोजचा सरासरी पाऊस नेहमीच्या चढउताराच्या मर्यादेपेक्षा खाली गेला आणि तसा सलग तीन दिवस राहिला, तर तो 'खंड'. या कसोटीवर जुलै २००२मध्ये दोन खंड निघतात : ४ ते १७ जुलै आणि २१ ते ३१ जुलै. पहिला चौदा दिवसांचा, दुसरा अकरा दिवसांचा, मध्ये तीन दिवसांची उसंत. ३१पैकी २५ दिवस खंडाचे. खंड बहुतेक वर्षी पडतात, बरेचसे तीन-चार दिवसांचे असतात, शेतकरी त्यांना उघडीप म्हणून वापरूनही घेतो. दोन आठवड्यांचा खंड मात्र पीक घालवतो, आणि असे दोन पाठोपाठ आले तर पेरणीच होत नाही.

या दोन-दोन आठवड्यांच्या झोक्यामागे काय असतं, याचा शोध फार लांब, पॅसिफिक महासागरातल्या एका प्रवाळबेटावर सुरू झाला होता. कँटन बेट विषुववृत्ताच्या जरा दक्षिणेला आहे. १९५७पासून तिथून हवामानाचे फुगे रोज सोडले जात आणि निरनिराळ्या उंचीवरचे वारे, दाब आणि तापमान नोंदलं जाई. अमेरिकेतल्या बोल्डर इथल्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्रात रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन यांनी या जवळपास दहा वर्षांच्या नोंदी संगणकात घातल्या आणि त्यांत कुठली लय लपली आहे का ते पाहिलं. त्यांना सापडलं की खालचा वारा ४० ते ५० दिवसांच्या लयीत पूर्व-पश्चिम झुलतो आणि वरच्या थरातला वारा त्याच लयीत पण उलट दिशेने झुलतो. जमिनीलगतचा दाबही त्याच तालावर वरखाली होतो. हा शोधनिबंध १९७१मध्ये आला. पुढच्याच वर्षी त्यांनी विषुववृत्ताभोवतालच्या अनेक ठाण्यांच्या नोंदी जोडून दाखवलं की हे एका बेटापुरतं नाही. हजारो किलोमीटर रुंदीचं एक ढगाळ, पावसाळी क्षेत्र हिंदी महासागरात उभं राहतं, इंडोनेशियावरून पॅसिफिककडे सरकतं आणि तिथे विरतं. त्याच्या पुढे-मागे हवा खाली उतरणारा, निरभ्र, कोरडा भाग असतो. वेग सेकंदाला पाच मीटरच्या आसपास, म्हणजे दिवसाला चारशेहून थोडे जास्त किलोमीटर. सायकलस्वार त्याच्याबरोबर सहज राहील. यालाच पुढे मॅडन-ज्युलियन दोलन, थोडक्यात एमजेओ, असं नाव पडलं.

हिशेब करून पाहा. एक फेरी ४० ते ५० दिवसांची असेल तर एखाद्या जागेवरून ओला भाग जायला दोन-तीन आठवडे लागणार आणि कोरडा भाग जायलाही तेवढेच. पंधरवड्याच्या पावसाचा आणि पंधरवड्याच्या उघडिपीचा एक उगम हा आहे. एकच नव्हे, हेही सांगायला हवं. टी. एन. कृष्णमूर्ती आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले एच. एन. भालमे यांनी १९७६मध्ये मान्सूनमधली दहा-पंधरा दिवसांची वेगळी लय दाखवली होती. ती पूर्वेकडून पश्चिमेकडे, पॅसिफिककडून बंगालच्या उपसागरावर येते. मोठ्या लयीवर ही लहान लय बसते, म्हणून जयपूरचा पाऊस घड्याळासारखा कधीच वागत नाही.

मॅडन आणि ज्युलियन यांचं सगळं लक्ष विषुववृत्तावर होतं. जयपूर त्याच्यापासून २७ अंश दूर. हा दुवा जोडला गेला तो पुण्यात आणि बंगळूरमध्ये. पुण्याच्या संस्थेतले डी. आर. सिक्का आणि पुण्याच्याच माहेरच्या, पण बंगळूरला काम करणाऱ्या सुलोचना गाडगीळ यांनी १९७३ ते १९७७ या काळातली उपग्रहाची रोजची चित्रं पाहिली. ढगांचा सगळ्यात दाट पट्टा आज कोणत्या अक्षांशावर आहे, हे दिवसामागून दिवस टिपत गेलं की एक गोष्ट डोळ्यांत भरते. पट्ट्याच्या आवडत्या जागा दोन आहेत. एक आपल्या जमिनीवर, मान्सूनच्या प्रदेशात. दुसरी विषुववृत्तालगतच्या गरम समुद्रावर. जमिनीवरचा पट्टा स्वतःच्या बळावर महिन्याहून जास्त टिकत नाही. तो विझतो, आणि समुद्रावरचा पट्टा उत्तरेकडे सरकत येऊन त्याची जागा घेतो. १९८०च्या त्यांच्या निबंधाने मान्सूनकडे पाहण्याची रीतच बदलली. जपानमध्ये तेत्सुझो यासुनारी यांनीही त्याच सुमारास उपग्रहाच्या ढगांवरून साधारण ४० दिवसांची उत्तरेकडची चाल दाखवली होती.

उन्हाळ्यात एमजेओ पूर्वेकडे जाता जाता उत्तरेकडेही फाटा फोडतो, असं आज आपण म्हणतो. उत्तरेकडची चाल साधारण दिवसाला एक अंश. विषुववृत्तावर आज उभा राहिलेला पट्टा जयपूरच्या अक्षांशाला पोचायला तीन-चार आठवडे घेणार, आणि पोचेलच अशी खात्री नाही. तो उत्तरेकडे का सरकतो याची एक बाजू समुद्रात आहे. पट्ट्याच्या पुढे आकाश स्वच्छ, वारा मंद, ऊन कडक. बंगालच्या उपसागराचं पाणी दोन आठवड्यांत अंशभराने तापतं. पट्ट्याच्या खाली आणि मागे ढगांची सावली आणि सोसाट्याचा वारा, त्यामुळे पाणी निवतं. ढगाला पुढे इंधन, मागे राख. दुसरी बाजू वाऱ्यांची आहे. मान्सूनमध्ये खाली पश्चिमेचे आणि वर पूर्वेचे वारे असतात. त्यांच्या या फरकामुळे ढगांच्या पट्ट्याच्या उत्तरेला हवा गोल फिरू लागते, जमिनीलगतची दमट हवा तिथे गोळा होते आणि नवे ढग मागच्यापेक्षा थोडे उत्तरेला उठतात.

पट्टा उपसागराच्या माथ्यावर आला की तिथे कमी दाबाची क्षेत्रं जन्मतात. जयपूरला खरा पाऊस देतात ती हीच. ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश ओलांडून ती पूर्व राजस्थानपर्यंत येतात, आणि मान्सूनचा आस तेव्हा राजस्थानावरून उपसागरापर्यंत आडवा पसरलेला असतो. खंडात हा आस हिमालयाच्या पायथ्याशी चढतो. तेव्हा नेपाळच्या तराईत आणि आसामात धो धो पडतं, तमिळनाडूतही सरी येतात, आणि मधला सगळा देश ढगांकडे बघत बसतो.

२००२च्या जुलैमध्ये ही साखळी पहिल्याच कडीला तुटली होती. जूनमधला ओला टप्पा पूर्वेकडे निघून गेला, आणि पाठोपाठ यायला हवा होता तो पट्टा भारताकडे चढला नाही. ढग पश्चिम पॅसिफिकवर साठले. त्या महिन्यात तिकडे रम्मासुन, चातान, हालाँग, फेंगशेन अशी एकामागून एक चक्रीवादळं झाली. तिथे हवा वर चढत होती, आणि तेवढीच हवा आपल्यावर उतरत होती. उतरती हवा तापते, कोरडी होते आणि ढगाला डोकं वर काढू देत नाही. पुण्याच्या संस्थेतल्या मिलिंद मुजुमदार आणि आर. कृष्णन यांच्या गटाने वायव्य पॅसिफिकच्या या उचापतीचा आणि आपल्या कोरड्या जुलैचा संबंध तपशिलाने दाखवला. उपसागरात त्या अख्ख्या हंगामात एकही डिप्रेशन बनलं नाही. एरवी चार-सहा बनतात.

योगायोग असा की त्याच उन्हाळ्यात भारतीय शास्त्रज्ञ अरबी समुद्रात उतरले होते. किनाऱ्यावर अतिवृष्टी कशी होते हे पाहण्यासाठी 'आर्मेक्स' नावाची मोहीम आखली होती आणि 'सागर कन्या' हे जहाज फुगे व उपकरणं घेऊन निघालं होतं. कोकण-गोव्यासमोरचा मुसळधार पाऊस मोजायला गेलेल्यांच्या हाती आला तो शतकातल्या सगळ्यात कोरड्या जुलैचा हिशेब. विज्ञानाच्या दृष्टीने तो लाभच ठरला, कारण खंडाच्या काळातली समुद्रावरची हवा इतक्या बारकाईने क्वचितच मोजली गेली होती.

मग दोष एल निनोचा की एमजेओचा? त्या वर्षी पॅसिफिकमध्ये एल निनो वाढत होता हे खरं. पण १९९७मध्ये त्याहून कितीतरी बलवान एल निनो असताना आपला मान्सून सरासरीइतका झाला होता, त्यामुळे 'एल निनो आला, पाऊस गेला' एवढं म्हणून सुटका होत नाही. सैथ आणि ज्युलिया स्लिंगो यांनी २००६मध्ये जी मांडणी केली ती मला जास्त पटते. त्या वर्षी एमजेओ एरवीपेक्षा जोरात होता. त्याच्या पश्चिमी वाऱ्यांच्या झोतांनी पॅसिफिकमधलं गरम पाणी पूर्वेकडे ढकललं आणि एल निनोला हातभार लावला. आणि त्याच्याच कोरड्या अंगाने जुलैमध्ये भारताचा गळा धरला. एकाच नाडीचे हे दोन ठोके आहेत. गरम झालेल्या मध्य पॅसिफिकने मग ढगांना तिकडेच थोपवून धरलं आणि खंड लांबला.

हे तेव्हा आधी कळलं असतं का? मेमध्ये नाही. एमजेओची चाल आजही तीन-चार आठवड्यांपलीकडे हाती लागत नाही. पण जूनच्या शेवटच्या आठवड्यात पुढच्या पंधरवड्याबद्दल काहीतरी सांगता आलं असतं. एमजेओचा ठावठिकाणा रोज एका आकृतीवर ठिपक्याने दाखवण्याची सर्वमान्य पद्धत मॅथ्यू व्हीलर आणि हॅरी हेंडन यांनी बसवली, पण त्यांचा निबंध आला २००४मध्ये. त्या आकृतीत विषुववृत्ताचा फेरा आठ भागांत वाटलेला असतो. दोन आणि तीन म्हणजे हिंदी महासागर, चार आणि पाच इंडोनेशियाची बेटं, सहा आणि सात पश्चिम पॅसिफिक, आठ आणि एक म्हणजे पलीकडचा गोलार्ध आणि आफ्रिका. ठिपका मधल्या वर्तुळाबाहेर असला तर दोलन जोरात, आत असला तर त्यावर फारसं विसंबू नये. पुण्याच्या हवामान कार्यालयातल्या डी. एस. पै आणि सहकाऱ्यांनी भारताच्या पावसाशी ताडून पाहिलं तेव्हा जोरदार टप्पे तीन ते सहा या भागांत जास्त सुरू होतात आणि खंड सात, आठ, एक, दोन या भागांत, असं दिसलं.

ही आकृती हाती घेऊन जयपूरचा पाऊस सांगायला निघालेला माणूस मात्र लवकरच तोंडघशी पडेल. ती एका मोठ्या प्रदेशाचा कल सांगते, एका शहराचा नाही. जुलै आणि ऑगस्ट मिळून जयपूरला साधारण ४०० मिलिमीटर मिळतात, आणि १९ जुलै १९८१ला एका दिवसात ३०० मिलिमीटरहून जास्त कोसळून शहर बुडालं होतं. दीड-दोन महिन्यांचा पाऊस चोवीस तासांत देणाऱ्या जागी पंधरवड्याच्या सरासरीला किती अर्थ उरतो, हे ज्याने त्याने ठरवावं. शिवाय दोलन इंडोनेशियाच्या डोंगराळ बेटांवर येऊन अडखळतं, कधी तिथेच मोडतं. तिथून ते पुढे सरकणार की नाही, यावर जगभरची प्रारूपं अजून चुकतात. कोरड्या वाळवंटी हवेचा एखादा झोत अरबस्तानाकडून राजस्थानावर आला तर आकृतीत ठिपका चांगल्या जागी असूनही पाऊस हुलकावणी देतो.

२००२नंतर गोवारीकरांचं सोळा घटकांचं सूत्र बाजूला ठेवलं गेलं आणि २००३पासून नव्या सूत्रांनी अंदाज निघू लागले. त्याच्या आधी चौदा वर्षं ते बरोबर ठरलं होतं, त्याचं श्रेय बरंचसं त्या चौदा मान्सूनच्या समंजसपणाला जातं, असं वाटल्यावाचून राहत नाही. पण त्याहून महत्त्वाची भर दुसरीकडे पडली. पुण्याच्या संस्थेत दोन ते चार आठवड्यांच्या अंदाजाची प्रारूपं तयार झाली, ती हवामान विभागाकडे गेली, आणि आता दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज निघतो. राजस्थान पूर्व, राजस्थान पश्चिम, मराठवाडा, विदर्भ असा विभागवार. तो विभागाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. पेरणीआधी त्यातला पहिल्या दोन आठवड्यांचा नकाशा जरूर पाहा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या नकाशावर मात्र महागाचं बियाणं लावू नका.